तुम्ही विचारलंत म्हणून: महिनाभर बंद ठेवल्यावर

"सर, महिनाभर गांजा बंद ठेवला की पुन्हा एका झुरक्यात चढतो. मेंदूत असं काय होतं, आन किती दिवसांत?"

गांज्यातलं टीएचसी हे नशेचं रसायन मेंदूतल्या पेशींवरच्या सीबी-१ नावाच्या ग्राहींवर, म्हणजे ते झेलणाऱ्या जागांवर बसतं, तेव्हा नशा चढते. रोज चिलीम ओढणाऱ्याच्या पेशींवर हा मारा सतत चालू असतो. शेजारी डीजे लागला की आपण खिडक्या लावून घेतो, पेशीही तेच करतात. आधी ग्राही बधिर होतात, मग पेशी त्यांना आत ओढून घेतात. मग माणूस म्हणतो, माल हलका आला. कधी येतही असेल, पण बहुतेकदा मालाचा दोष नसतो. मारा थांबला की ग्राही पुन्हा वर येतात, काही नवे तयार होतात.

किती दिवसांत, हे मेंदूच्या पेट स्कॅनमधून दिसलं आहे. २०१२ साली अमेरिकेतल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात सीबी-१ सुमारे २० टक्के कमी निघाले. देखरेखीखाली चारेक आठवडे बंद ठेवल्यावर बहुतेक भागांत ते भरून आले. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र तेवढे नाहीत. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात तर दोनच दिवसांत मोठा फरक पडलेला दिसला. दोन्हीकडे तपासलेले सगळे पुरुषच होते, तेव्हा बायांचंही असंच होतं असं मी छातीठोक सांगणार नाही.

परभणीकडचा एक ट्रकवाला श्रावण पाळायचा. मटण, दारू बंद, तसा गांजाही बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून झोप उडाली, भाकरी घशाखाली उतरेना, बायकोवर खेकसणं सुरू. घरच्यांना वाटलं, काविळीचं काहीतरी आहे. पहिला आठवडा असाच जातो. मग भूक येते, झोप मात्र उशिरा बसते आणि स्वप्नं फार पडतात. त्याचा महिना निभावला. पोळ्याच्या संध्याकाळी त्यानं नेहमीची भरलेली चिलीम ओढली आणि छाती इतकी धडधडली, की हार्ट अटॅक आला म्हणून भावानं मोटारसायकलवर दवाखान्यात आणलं. ईसीजी ठीक होता. ग्राही भरून आले होते, हाताचं माप तेवढं जुनंच होतं. भांगेत तर हे जास्त फसतं, कारण ती चढायला तास-दीड तास लागतो आणि तोवर माणूस दुसरा गोळा खातो.

अजून एक गोष्ट ड्रायव्हर लोक हमखास विसरतात. टीएचसी चरबीत साठतं. त्यामुळे ग्राही पूर्ववत झाले, तरी रोज ओढणाऱ्याची लघवीची तपासणी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. चढतं किती यावरून तपासणीचा अंदाज बांधू नका.