वायर गेली, सावली राहिली: एका सेल्फीवरच्या पाच रात्री

मावसबहिणीने बाल्कनीत सकाळच्या उन्हात काढलेला सेल्फी. हसू अगदी तिचं, डोळ्यांत प्रकाश छान उतरलेला, म्हणून मावशीला तो ८ बाय १० इंचात फ्रेम करून हवा आहे. अडचण एकच: दोन्ही कानांतून उतरणारी इअरफोनची पांढरी वायर. डाव्या कानातलं बोंडूक पूर्ण दिसतंय, उजवा कान केसांखाली आहे, पण त्या बाजूची वायर मोकळ्या केसांवरून खाली येते. दोन्ही वायरी गळ्याच्या खळगीखाली एकत्र होतात आणि तिथे गळ्यातल्या सोन्याच्या साखळीला छेदून जातात.

फाइल २४४८ × ३२६४ पिक्सेलची आहे. ८ बाय १०च्या आकारात कापली की २४४८ × ३०६० उरते, म्हणजे छपाईला इंचाला ३०६ पिक्सेल मिळतात. मानेवर वायरीची जाडी साधारण १४ पिक्सेल, म्हणजे कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटर. पहिल्या रात्री हे मोजलं तेव्हा काम तासाभराचं वाटलं होतं. काम गिंपमध्येच करतेय.

पहिली रात्र हीलवर गेली आणि ती सगळी पुसावी लागली. हील टूल आजूबाजूच्या रंगाशी जुळवून घेतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण जुळवून घेताना ब्रशच्या कडेवर जे असेल तेच तो प्रमाण मानतो. ब्रशची कड पांढऱ्या वायरीवर टेकली की तो पांढरा रंग आत ओढला जातो आणि मानेवर दुधाळ पट्टा उमटतो. मी १५ पिक्सेलचा ब्रश घेऊन वायरीवरूनच चालले होते, त्यामुळे गळाभर असे पट्टे झाले. त्यावर उपाय एकच: ब्रश वायरीच्या दोन्ही बाजूंना बाहेर पडेल इतका मोठा हवा. शिवाय फोन स्वतःच फोटो शार्प करतो, त्यामुळे वायरीच्या दोन्ही कडांना तीन-चार पिक्सेलची गडद रेघ असते. वायर पुसली आणि ती रेघ राहिली तर मानेवर दोन समांतर ओरखडे दिसतात. म्हणून आता वायरीच्या निवडीला प्रत्येक बाजूने पाच पिक्सेल वाढवूनच हात लावते.

दुसऱ्या रात्री वायर गेली होती, तरी फोटो बघताना मानेवर काहीतरी आहे असं सारखं वाटत होतं. २५ टक्के झूमवर दूर सरकून पाहिलं तेव्हा कळलं की ती वायरीची सावली. ऊन डावीकडून आलेलं, त्यामुळे सावली वायरीच्या उजव्या अंगाला. हनुवटीखाली वायर त्वचेपासून सुटलेली आहे, तिथे सावली वीसेक पिक्सेल रुंद आणि मऊ आहे. खाली ती त्वचेला चिकटते, तिथे सावली बारीक, गडद आणि अगदी वायरीला लागून. एकाच वायरीची सावली दोन जातींची असल्याने एकाच ब्रशने ती जात नाही. आणि ती नुसती उजळवली तर त्वचेचा पोत फिका पडतो.

इथे Filters → Enhance → Wavelet-decompose कामाला आलं. हे फिल्टर फोटोचे थर वेगळे करतं: सगळ्यात बारीक तपशील एका थरात, त्याहून जाड पुढच्या थरात, आणि शेवटी Residual नावाचा थर, ज्यात फक्त मोठे रंग आणि प्रकाश-छाया उरतात. मी नेहमीसारखे पाचच स्केल ठेवले. रंध्रं आणि बारीक लव पहिल्या दोन-तीन थरांत गेली, वायरीचा बहुतेक भाग चौथ्या-पाचव्यात आला, आणि तिची मऊ सावली Residual मध्ये पसरट डागासारखी राहिली. एकदा असे थर वेगळे झाले की सावली पुसताना पोताला धक्का लागत नाही आणि पोत भरताना प्रकाश बदलत नाही.

Residual वर मी हनुवटीपासून खळगीपर्यंत लांबट पट्टी निवडली, कडा १५ पिक्सेल मऊ केल्या आणि मोठ्या मऊ ब्रशने २५ टक्के अपारदर्शकतेवर क्लोन केलं, थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून. एकाच बाजूने घेतलं असतं तर मान सपाट झाली असती. कानामागून खळगीकडे तिरका उतरणारा स्नायू मानेला गोलाई देतो, आणि वायर बराच भाग त्याच्याच कडेने उतरते. पहिल्या रात्री मी तो स्नायूच पुसून टाकला होता, मान नळीसारखी दिसत होती. या वेळी आधी उजव्या बाजूचा स्नायू नीट न्याहाळला: उंचवट्याच्या डाव्या उतारावर उजेड, माथ्यानंतर हळूहळू अंधार. तोच चढउतार डावीकडे राखला.

चौथ्या आणि पाचव्या थरावर वायर घालवायला सोपी युक्ती आहे. हे थर ग्रेन मर्ज मोडमध्ये असतात, त्यामुळे मधला राखाडी, म्हणजे #808080, तिथे काहीच बदल करत नाही. वायरीवर तो राखाडी मारला की ती त्या थरातून नाहीशी होते. फक्त मानेच्या आडव्या वळ्या जिथे वायरीखालून जातात तिथे राखाडी मारू नका. त्या वळ्याही साधारण त्याच जाडीच्या असल्याने वायरीबरोबर जातात आणि वळी मध्येच तुटलेली दिसते. तिथे मी वळीच्याच दिशेने क्लोन करून दोन्ही टोकं जोडली.

आणखी एक गोष्ट, जिच्यात माझी अर्धी रात्र गेली: थरांवर क्लोन करताना Sample merged बंद हवं. ते चालू राहिलं होतं, त्यामुळे क्लोन पूर्ण फोटोतून त्वचेचा रंग उचलून राखाडी थरावर ओतत होतं आणि मानेवर नारिंगी चकंदळं उमटत होती. असं काही दिसलं तर आधी ही खूण तपासा.

पोत भरताना गळ्यावरच्या तिळापासून लांब राहा. माझ्याकडून त्याची नक्कल चार सेंटिमीटरवर बसली होती, ती फोटो आडवा उलटवून पाहिला तेव्हाच लक्षात आली.

तिसरी रात्र कानाची. बोंडकाने कानाची पन्हळ आणि भोकापुढचा छोटा उंचवटा पूर्ण झाकलेला. जे कुठेच दिसत नाही ते क्लोनने येत नाही, म्हणून तिचा दुसरा फोटो शोधावा लागला. पहिला मिळाला त्यात कानाची ठेवण बरोबर होती, पण ऊन उलट बाजूने होतं. पन्हळीतली सावली चुकीच्या काठाला पडली आणि कान उलटा लावल्यासारखा दिसू लागला. मग त्याच सकाळचा, इअरफोनशिवायचा एक सेल्फी तिच्याकडून मागून घेतला. काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा जतन करतात, काही सुलटा करतात, आणि हा दुसऱ्या फोनवर काढलेला होता. मी भांगाची बाजू आणि तो तीळ दोन्ही जुळवून मगच कान उचलला. साधारण १२० पिक्सेलचा तुकडा, ५० टक्के अपारदर्शकतेवर ठेवून Unified Transform ने फिरवून बसवला, मास्कने फक्त पन्हळ आणि उंचवटा ठेवला. कानाची बाहेरची कड आणि पाळी मूळ फोटोतलीच आहे. ती बदलली की माणूस ओळखीचा वाटत नाही.

केसांना दोन रात्री लागल्या, आणि माझ्या मते या सगळ्यातलं शिकण्यासारखं काम हेच. काळ्या केसांवर पांढरी वायर होती, आणि जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा जाडीभरडी साठवली जाते, त्यामुळे वायरीच्या बाहेरही दोन-तीन पिक्सेल केसांवर राखट-निळसर छटा पसरली होती. तीही निवडीत घेतली. आधी नव्या थरावर गडद पाया भरला: ६०-७० पिक्सेल वरून, बटेच्या वळणाच्या दिशेनेच क्लोन. आडवं क्लोन केलं की केस कापल्यासारखे दिसतात. पाया भरल्यावर तिथे केस आहेत असं वाटतं, पण बट सलग वाटत नाही.

मग एकेक केस. पाथ टूलने वायरीच्या वर दिसणारा केस धरायचा आणि तोच खाली जिथे पुन्हा दिसतो तिथपर्यंत रेघ न्यायची. नवा केस मध्येच सुरू करायचा नाही. स्ट्रोक करताना २ ते ३ पिक्सेलचा ब्रश आणि Emulate brush dynamics चालू. त्याने टोकं निमुळती होतात. ते नसेल तर केसांच्या शेवया होतात. मी साधारण चाळीस केस काढले आणि तरी ते चिकटवलेले दिसत होते. बराच वेळ बघत बसल्यावर कारण सापडलं: सगळे एकाच रंगाचे होते. खऱ्या केसांवर चकाकीचा पट्टा असतो, तो सगळ्या बटांवर साधारण एकाच उंचीवर आडवा जातो. माझे केस त्या पट्ट्यातून जाताना काळेच राहत होते. थराचा अल्फा लॉक करून फक्त त्या उंचीवर शेजारून उचललेला तपकिरी रंग हलक्या हाताने फिरवला, पट्ट्याच्या बाहेर पुन्हा गडद केलं. त्याच क्षणी बट जुळली.

शेवटी त्या थराला ०.६ पिक्सेलचा गॉशियन ब्लर दिला. फोनच्या नॉइज काढण्यामुळे मूळ केस थोडे विरघळलेले आहेत, नवे त्यांच्यापेक्षा रेखीव असले की उठून दिसतात. मानेवर रुळणाऱ्या तीन-चार सुट्या केसांना एक पिक्सेल उजवीकडे अगदी फिकी सावली दिली, नाहीतर ते त्वचेवर पेनने ओढल्यासारखे वाटतात.

साखळीचं काम वीस मिनिटांत झालं. वायरीखाली जेमतेम तीन कड्या झाकल्या होत्या. शेजारच्या तीन उचलल्या, वळणाप्रमाणे जराशा फिरवल्या, एका कडीवरची चमक पुसली.

काल तपासणीसाठी दिसतं ते सगळं एका नव्या थरात घेऊन त्यावर Curves ची नागमोडी रेघ चढवली, म्हणजे उजेडातला लहानसा फरकही पट्ट्यांसारखा फुटून दिसतो. हनुवटीखाली एका जागी पट्टे वाकडे झालेत. तिथे मऊ सावलीचा शेपटा अजून शिल्लक आहे, साध्या नजरेला स्क्रीनवर दिसत नाही. स्टुडिओतून ४ बाय ६ची एक प्रत काढली, तर खिडकीपाशी धरल्यावर तो दिसला. त्या वीसेक पिक्सेलसाठी Residual पुन्हा उघडतेय. ते झालं की मोठी प्रत छापायला देईन.