बेंदराचं स्टेटस

बेंदूर, रात्री साडेनऊ.

दुकान लावून आत्ताच आत आलोय. अंगाला अजून हिंगळाचा वास आहे. दिवसभर पुड्या बांधल्या.

कालची गोष्ट लिहून ठेवतो. आमचा नातू नववीत. गल्ल्यावर बसून मोबाईल चाळत होता. म्हटला, "आज्जा, उद्या बेंदूर, आणि तुझ्या स्टेटसला कायच न्हाई." मी मोबाईल घेतला तो गॅस नंबर लावायला आणि पोरीशी बोलायला. स्टेटस म्हणजे आपलं गावातलं वजन, असंच मला वाटायचं.

त्यानं आधी गुगलवर तयार चित्रं शोधली. सगळ्यांवर 'बैलपोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. मी म्हटलं, आमच्याकडं कुठला पोळा? तो श्रावणी अमावस्येला, तिकडं वऱ्हाडात. आपला बेंदूर आषाढातला. सीमेकडं ज्येष्ठातला कर्नाटकी बेंदूर करतात, तो वेगळाच. एक चित्र मला आवडलं, तर त्याच्या खाली भलत्याच गावच्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो! म्हटलं, नको. आपलं आपणच लिहू.

स्टेटसच्या पानावर पेन्सिलीची खूण दाबली की रंगीत पाटी उघडते. रंगाचा वाटोळा तुकडा दाबत गेलं की पाटीचा रंग बदलतो. मी पिवळा धरला, भंडाऱ्यासारखा. नातू म्हटला, पांढरी अक्षरं पिवळ्यावर दिसत न्हाईत. मग गर्द तांबडा. माईकची खूण दाबून बोललो, तर बेंदूरचं 'सिंदूर' झालं. दोनदा झालं. शेवटी एकेक अक्षर शोधत टाईप केलं.

माझा पहिला मजकूर असा होता: 'आमचेकडे किराणा, भुसार, पेंड, दोरखंड व बेंदराचे सर्व साहित्य माफक दरात मिळेल. उधारी बंद आहे. मागील बाकी त्वरित जमा करावी. बेंदूर सणाच्या शुभेच्छा.'

नातू हसून लोळला. "आज्जा, सणाला लोकांच्या दारात वसुलीला जातोस व्हय? आणि एवढं कोण वाचणार? बोटानं पुढं ढकलत्यात लोकं." पेंड कापली, माफक दर कापला. उधारीवर मी अडून बसलो, तीही कापली. मग म्हटला, "दुकानात आज काय हाय, तेवढं सांग."

मी विचार केला. हिंगूळ आहे, गोंडे, म्होरक्या, शेंब्या, कासरे आहेत. पण बैल कुठं आहेत? आमच्या आळीत पूर्वी दाराला दार बैलजोड्या होत्या, आता दोन राहिल्यात. बाकी सगळे कुंभाराकडची मातीची जोडी आणून पुजतात. म्हणून असं लिहिलं:

'उद्या बेंदूर. शिंगांना हिंगूळ आणि गळ्याला गोंडे आलेत. ज्यांच्या दावणीला आता बैल नाहीत, त्यांच्यासाठी मातीची जोडी ठेवली आहे. सर्वांना बेंदराच्या शुभेच्छा.'

नातू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हटला, "टाक."

मी तर दुपारीच टाकणार होतो. त्यानं थांबवलं. स्टेटस चोवीस तास राहतं, मग आपोआप जातं. दुपारी टाकलं तर उद्या दुपारीच पुसलं जाईल, आणि मातीचे बैल विसरलेली माणसं संध्याकाळी कर तोडायच्या आधी पळत येतात. म्हणून रात्री नऊला टाकलं.

तासाभरानं डोळ्याची खूण दाबून बघितलं, तर बघणारे फक्त सहा. माझ्याकडं अख्ख्या उधारीच्या वहीचे नंबर! नातू म्हटला, तुझ्याकडं त्यांचा असून भागत न्हाई, त्यांनीही तुझा नंबर सेव्ह केलेला पाहिजे, तरच दिसतं. हे मला बरंच लागलं. चाळीस वर्षं दुकान चालवतोय आणि नंबर ठेवलाय सहा जणांनी! सकाळी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर नंबर लिहिला आणि तराजूशेजारी टांगला. येईल त्याला म्हटलं, आधी नंबर घाला, मग हिंगूळ. संध्याकाळपर्यंत बघणारे एकतीस झाले. मातीच्या बाराही जोड्या गेल्या. एक तर पुण्याला राहणाऱ्या पोरानं स्टेटस बघून आईसाठी फोनवर सांगून ठेवली होती.

मला मात्र एकच नाव बघायचं होतं. अकराशे चाळीस रुपये बाकी आहे, गुढीपाडव्यापासून दुकानाकडं फिरकलेला नाही. यादीत तो नव्हता. नातू म्हटला, निळी टिक बंद करून ठेवली असंल, मग बघितलं तरी नाव दिसत न्हाई.

नऊ वाजता स्टेटस गेलं. जाण्याआधी मजकूर वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतला. आणि आत्ता, दुकान लावताना, त्या गड्याचा मेसेज आला: 'तात्या, मातीची जोडी संपली का?'

एक आहे. घरात देवापुढं पुजलेली.

नातवाला विचारलं, याला काय लिहू? तो झोपलाय.