२४ च्या जागी ३२.४: एका लॅडरचा उलटा हिशेब

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये बॅटरीचं व्होल्टेज दाखवणारं हे कार्ड आलं, तेव्हा तक्रार एका ओळीची होती: बॅटरी बँक २४ व्होल्टची आहे, पण पॅनल तापलं की डिस्प्ले मध्येच ३२.४ दाखवतो आणि हाय-व्होल्टेजचा अलार्म वाजतो. टेबलावर कार्ड लावलं, बेंच सप्लायमधून २४ व्होल्ट दिले, तर डिस्प्ले बरोबर २४.०. अशी कार्डं बहुतेक ठिकाणी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून परत जातात. पण ३२.४ भागिले २४ म्हणजे नेमके १.३५. बिघडलेलं रीडिंग दर वेळी त्याच आकड्यावर जात असेल, तर त्या आकड्याला कारण असतं.

या कार्डाच्या तोंडाशी सहा रेझिस्टरांचा लॅडर आहे. सप्लायकडून आर-१ सिरीजमध्ये २ किलोओहमचा, त्याच्या पुढच्या ए बिंदूवरून ग्राउंडला आर-२, १० किलोओहम. मग सिरीजमध्ये आर-३, ३ किलोओहम, आणि बी बिंदूवरून ग्राउंडला आर-४, ४ किलोओहम. शेवटी सिरीजमध्ये आर-५ आणि आउटपुटवरून ग्राउंडला आर-६, दोन्ही २ किलोओहमचे. नेमका ४ किलोओहम नेहमीच्या मालिकेत मिळत नाही, म्हणून आर-४ च्या जागी २ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावलेले आहेत. हे पुढे महत्त्वाचं ठरलं. आउटपुट बफरला जातो, बफर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे त्याचा भार धरायची गरज नाही.

आमच्याकडचे दोन अप्रेंटिस डिप्लोमा करून आलेले, हुशार. त्यांनी कागदावर तीन लूप काढले, तीन समीकरणं मांडली आणि डिटर्मिनंटात शिरले. त्यात चूक नाही, पण एक चिन्ह उलटं पडलं की सगळं पान वाया जातं, आणि उत्तर आलं तरी मधल्या बिंदूंवर काय चाललंय ते डोळ्यांसमोर उभं राहत नाही. अभ्यासक्रमात लूप आणि नोड घोटून घेतात आणि प्रमाणाची पद्धत दोन ओळींत उरकतात, याचा मला मनापासून राग आहे. लॅडरसाठी तिच्याइतकी सोपी वाट दुसरी नाही.

आउटपुटला किती व्होल्ट येतात हे माहीत नसतं, म्हणून ते १ व्होल्ट आहेत असं सरळ मानायचं आणि सप्लायकडे उलटं चालत जायचं. किलोओहमने भागलं की मिलिअँपिअर मिळतात, मिलिअँपिअरला किलोओहमने गुणलं की परत व्होल्ट, त्यामुळे शून्यांची भानगड नाही. आर-६ वर १ व्होल्ट, म्हणजे त्यातून ०.५ मिलिअँपिअर. तोच करंट आर-५ मधून येतो, तिथे १ व्होल्ट पडतो, म्हणून बी वर २ व्होल्ट. आर-४ घेतो ०.५, म्हणजे आर-३ मधून एकूण १ मिलिअँपिअर. तिथे ३ व्होल्ट पडले, ए वर ५. आर-२ घेतो ०.५, आर-१ मधून १.५, तिथे पडले ३ व्होल्ट. सप्लाय निघाला ८.

म्हणजे आउटपुटला १ हवा असेल तर सप्लाय ८ लागतो. आपला सप्लाय २४, म्हणजे तिप्पट. सर्किटमध्ये नुसते रेझिस्टर आहेत, म्हणून सगळेच आकडे तिप्पट करायचे: ए वर १५, बी वर ६, आउटपुटला ३ व्होल्ट. समीकरण एकही सोडवावं लागलं नाही, आणि मल्टिमीटरची टोकं जिथे ठेवायची त्या प्रत्येक बिंदूचा आकडा हातात आला.

आता प्रत्यक्ष मोजलं. कार्डाच्या टर्मिनलवर सप्लाय २४.० आहे हे आधी पाहून घेतलं, कारण सप्लायच्या डिस्प्लेवर भरवसा ठेवून हा हिशेब करता येत नाही. ए वर १४.४४, बी वर ४.४४, आउटपुटला २.२२. डिस्प्ले मात्र आरामात २४.० दाखवत होता. म्हणजे ज्याला आम्ही ‘बरोबर’ समजत होतो ती अवस्थाच बिघडलेली होती.

आमचे जुने टेक्निशियन काका तोवर सप्लाय काढून ओहम रेंजवर आर-४ मोजून मोकळे झाले होते. म्हणाले, “चारच्या जागी एक पॉइंट एकवीस दाखवतोय. आर-४ गेलाय, काढून टाक.” काकांचा हात फार चांगला, पण बोर्डावर बसलेला रेझिस्टर असा मोजता येत नाही. आर-४ च्या दोन टोकांना मीटर लावला की आर-५ आणि आर-६ मिळून ४ किलोओहम त्याला समांतर येतात, आणि आर-३ व आर-२ मिळून १३ किलोओहमही येतात. कार्ड ठणठणीत असतं तरी तिथे १.७३ च दिसले असते. म्हणजे १.२१ हा आकडा कमी आहे खरा, पण तो चारशी ताडून कमी ठरवायचा नाही. शिवाय घाईने डीसोल्डर केलं असतं तर, पुढे कळलं तसं, पुरावाच नाहीसा झाला असता.

त्याआधी एक शंका दूर करायची होती. आउटपुटवर संरक्षणासाठी ५.१ व्होल्टचा झिनर आहे. तो गळत असेल तर प्रमाणाचा सगळा हिशेब कोसळतो, कारण झिनरचा करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही. याची चाचणी सोपी आहे: सप्लाय निम्मा करायचा. १२ व्होल्ट दिले तर ए वर ७.२२, बी वर २.२२, आउटपुटला १.११. सगळं नेमकं निम्मं. म्हणजे दोष रेझिस्टरसारखाच वागतो आहे आणि हीच पद्धत पुढे नेता येते. ही चाचणी न करता पुढे जाणं म्हणजे अंधारात गोळी.

मग बिंदूंची प्रमाणं लावली, आणि तीही आउटपुटकडूनच. उलटं चालताना प्रत्येक प्रमाण फक्त त्याच्या पलीकडच्या, म्हणजे आउटपुटच्या बाजूच्या रेझिस्टरांवर ठरतं. बी भागिले आउटपुट: हवं २, आलं २. आर-५ आणि आर-६ ची जोडी ठीक. ए भागिले बी: हवं २.५, आलं ३.२५. म्हणजे बिघाड इथे शिरतोय. सप्लायकडून सुरुवात केली असती तर तिथलं प्रमाणही चुकलेलंच दिसलं असतं, १.६ च्या जागी १.६६, आणि निरपराध आर-१, आर-२ वर संशय गेला असता.

ए आणि बी यांचं प्रमाण वाढायला दोन कारणं असू शकतात: आर-३ वाढला, किंवा आर-४ घटला. एकट्या त्या प्रमाणावरून निवड होत नाही. म्हणून दोन्ही संशयितांसाठी पुन्हा १ व्होल्टपासून चाललो. आर-३ चा दोष धरला तर तो ४.५ किलोओहम असायला हवा. मग ए वर ६.५, आर-२ घेतो ०.६५, आर-१ मधून १.६५, आणि सप्लाय निघतो ९.८. तसं असतं तर २४ व्होल्टला ए वर १५.९ दिसले असते. आर-४ चा दोष धरला तर तो २ किलोओहम असायला हवा. बी वरचे २ व्होल्ट त्यातून १ मिलिअँपिअर नेतात, आर-३ मधून १.५, ए वर पुन्हा ६.५, पण आता आर-१ मधून २.१५ आणि सप्लाय १०.८. त्या हिशेबाने ए वर १४.४४, बी वर ४.४४, आउटपुटला २.२२. मोजलेले तिन्ही आकडे जुळले.

आकडेमोड बाजूला ठेवली तरी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. सिरीजचा रेझिस्टर वाढला की पुढे करंट कमी जातो आणि त्याच्या अलीकडचा बिंदू वर चढतो. शंटचा, म्हणजे ग्राउंडला जाणारा, घटला की जास्त करंट ओढला जातो आणि अलीकडचा बिंदू खाली बसतो. आपला ए १५ च्या खाली होता, म्हणून दोष शंटचा.

आणि ४ च्या जागी नेमके २, म्हणजे दोनांपैकी एक रेझिस्टर शॉर्ट. वरच्या दोन्ही रेझिस्टरांवर लाल-काळा-काळा-तपकिरी-तपकिरी असे पट्टे होते, म्हणजे दोन्ही २ किलोओहमचे, १ टक्क्याचे. चुकीचा माल नव्हता. बोर्ड उलटं केलं. दोघांच्या मधल्या पॅडपासून शेजारच्या ग्राउंडच्या तांब्यापर्यंत सोल्डरची केसासारखी काडी गेलेली. पॅडकडचं टोक घट्ट चिकटलेलं, दुसरं टोक हिरवा मास्क खरवडलेल्या जागी नुसतं टेकलेलं. दहा पट भिंगाखाली ब्लेडचं टोक लावलं तर ते उचललं जात होतं. उचललं की आउटपुट ३.००, सोडलं की २.२२. आणि उचलल्याबरोबर डिस्प्लेवर ३२.४.

१०.८ भागिले ८ म्हणजे १.३५. तक्रारीतला आकडा आणि आमच्या हिशेबातला आकडा एकच. बनवताना काडी टेकलेली होती, कॅलिब्रेशन करणाऱ्याने २४ व्होल्ट देऊन बटण दाबलं, आणि सॉफ्टवेअरने २.२२ ला १.३५ ने गुणून २४.० दाखवायला सुरुवात केली. साइटवर पॅनल तापलं, काडी सुटली, लॅडर बरा झाला आणि रीडिंग चुकलं. टेबलावर थंड झालं की परत टेकली.

काडी काढून, फ्लक्स धुऊन, मास्कचा पॅच लावून नव्याने कॅलिब्रेट केलं तर गेन, म्हणजे सॉफ्टवेअर ज्याने गुणतं तो आकडा, १.००२ आला. पण ज्या कॅलिब्रेशनच्या पडद्याने १.३५ बिनबोभाट स्वीकारला, त्याचं मला अजून नवल वाटतं. सहाही रेझिस्टर १ टक्क्याचे आहेत. सिरीजचे सगळे १ टक्का वर आणि शंटचे सगळे १ टक्का खाली गेले, ही सर्वांत वाईट अवस्था धरली तरी आउटपुट सुमारे २.३ टक्के हलतं. गेन ०.९७ ते १.०३ च्या बाहेर गेला की बोर्ड बाजूला काढायचा, एवढी एक अट पुरली असती. बनवणाऱ्यांना आम्ही तसं कळवलं.

तरी ही अट सगळं पकडत नाही. आर-२ चा आउटपुटवर प्रभाव सर्वांत कमी: तो १ टक्का हलला तर आउटपुट फक्त ०.१२५ टक्के हलतं. आर-२ पार तुटला तर सप्लाय ८ च्या जागी ७ निघतो, गेन ०.८७५ येतो आणि पकडला जातो. पण तो १० चा ११ किलोओहम झाला तर गेन ०.९८९ येतो आणि कार्ड पास होतं, मग तो पुढे सरकत राहिला तरी कुणाला कळत नाही. म्हणून आमच्या टेस्ट शीटवर आता आउटपुटसोबत ए आणि बी साठीही रकाने आहेत, अपेक्षित १५ आणि ६ छापून. आर-२ अकराचा असला तर ए वर १५.१७ दिसेल, आणि बी व आउटपुटसुद्धा त्याच प्रमाणात वर गेलेले दिसतील. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात सरकलेले असले, की संशय आर-१ आणि आर-२ या दोघांवरच राहतो. त्यांची एकेक तार उचलून मोजायची.