रिकाम्या इमारतीत पंपाजवळचाच मजला का तापला

मे महिन्यातला शनिवार. पुण्यातल्या एका आठ मजली ऑफिस इमारतीतून फोन आला की पहिल्या मजल्यावर पूर्व आणि पश्चिम, दोन्ही विंगमध्ये साडेसव्वीसच्या खाली तापमान जात नाही. माझं काम चिल्ड वॉटर सिस्टिमची मोजणी आणि बॅलन्सिंग करण्याचं. अशा फोनवर पहिला प्रश्न असतो, तक्रार पंपापासून किती लांबची? पाणी न पोचण्याची रड नेहमी वरच्या, शेवटच्या मजल्याची असते. इथे पंप तळघरात आणि तक्रार पहिल्या मजल्याची. शिवाय सोमवार ते शुक्रवार इमारत गच्च भरलेली असताना कुणाचीच तक्रार नाही. शनिवारी सपोर्टची टीम सोडली तर इमारत जवळपास रिकामी, आणि तेव्हाच पंपाच्या सगळ्यात जवळचा मजला तापतो.

मला बोलावण्यामागे आणखी एक कारण होतं. पूर्व विंगमध्ये आदल्या वर्षी, कॉइलमधल्या थंड पाण्याने हवा गार करणाऱ्या प्रत्येक एएचयूला पीआयसीव्ही बसवले होते, म्हणजे दाब बदलला तरी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाणी न सोडणारे कंट्रोल व्हॉल्व्ह. पश्चिम विंग जुनीच राहिली : साधा मोटराइज्ड व्हॉल्व्ह आणि त्याच्या जोडीला हाताने सेट केलेला बॅलन्सिंग व्हॉल्व्ह. दोन्हीकडे तापमान सारखंच वाढल्यामुळे व्यवस्थापनाचा निष्कर्ष तयार होता. पीआयसीव्हीचे पैसे पाण्यात गेले, आणि पश्चिमेचं बॅलन्सिंग मुळातच चुकीचं झालं होतं.

दुसरा आरोप मला लागला, कारण पश्चिमेचं बॅलन्सिंग ज्या माणसाने केलं त्याचं काम मी ओळखते. सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह उघडे, पंप पूर्ण प्रवाहावर, आणि मग एकेका मजल्याचं चाक फिरवत, पुन्हा पुन्हा मोजत, सगळ्यांना सारख्या प्रमाणात आणायचं. पहिला मजला बसवला की आठवा हलतो, आठवा बसवला की चौथा. रात्र रात्र चालणारं हे काम आहे. त्याचा रिपोर्ट मी उघडला. प्रत्येक 30 टनाच्या एएचयूला 72 जीपीएम पाणी हवं, म्हणजे ताशी साधारण 16 घनमीटर. त्याच्या नोंदी सगळ्या मजल्यांवर त्याच्या अगदी आसपास होत्या. चाकांवरचे आकडेही रिपोर्टशी जुळत होते, कुणी हात लावलेला नव्हता.

पूर्ण लोडला काय घडतं, ते आधी सांगते. पहिल्या मजल्यावर जाण्यायेण्याच्या पाइपांमध्ये दाबाचा फरक 200 किलोपास्कल असतो. वर जाता जाता राइझरच्या, म्हणजे उभ्या मुख्य पाइपाच्या घर्षणात 120 खर्च होतात आणि आठव्या मजल्याच्या वाट्याला 80 उरतात. पाण्याला कॉइलमधून न्यायला 30 लागतात, कंट्रोल व्हॉल्व्हमधून 40. आठव्या मजल्याचं भागतं. पहिल्या मजल्यावर मात्र 130 जास्तीचे असतात आणि ते खाण्यासाठीच तिथला बॅलन्सिंग व्हॉल्व्ह आवळलेला असतो. मॅन्युअल बॅलन्सिंग म्हणजे एवढंच : जवळच्याला मुद्दाम अडथळा, म्हणजे लांबच्याला पुरतं.

आता शनिवार घ्या. इमारतीत पूर्ण प्रवाहाच्या 30 टक्के पाणी फिरतंय. घर्षण प्रवाहाच्या वर्गात बदलतं, म्हणून राइझरमधला 120 चा खर्च 11 वर येतो. दाबाचा फरक मोजून पंपाचा वेग ठरवणारा डीपी सेन्सर पूर्वी तळघरात पंपाजवळ होता. वर्षभरापूर्वी तो राइझरच्या टोकाला, आठव्या मजल्यावर नेला होता. निर्णय उत्तम होता. टोकाला 80 मिळाले की पंप शांत बसतो आणि विजेचं बिल दिसण्याइतकं उतरतं. पण टोकाला 80 आणि मधलं घर्षण 11, म्हणजे शनिवारी पहिल्या मजल्याच्या हातात 200 ऐवजी फक्त 91. तिथला आवळलेला बॅलन्सिंग व्हॉल्व्ह मात्र अजून 200 असल्यासारखाच बसलेला. प्रवाह दाबाच्या वर्गमुळात बदलतो, त्या हिशेबाने 72 चे 49 जीपीएम व्हायला हवेत.

पाइपावरचं नायट्राइल इन्सुलेशन हातभर कापून, धातू कोरडा पुसून, जेल लावून अल्ट्रासॉनिक मीटर चढवला. त्याला अलीकडे-पलीकडे सरळ पाइप लागतो; एल्बोच्या तोंडाशी लावला तर तो मन मानेल ते दाखवतो. आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ गेला, आणि 49 वर थांबला. बॅलन्सिंग व्हॉल्व्हच्या टेस्ट पॉइंटवर नळ्या जोडल्या, त्यातली हवा काढली (एक बुडबुडा राहिला तरी रीडिंग फसतं), आणि तिथे 59 किलोपास्कल मिळाले. हातातल्या 91 पैकी 59 एकट्या त्या चाकाने खाल्ले. इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या बीएमएसच्या स्क्रीनवर कंट्रोल व्हॉल्व्ह 100 टक्के उघडा दिसत होता. 100 टक्के म्हणजे झडप पूर्ण उघडी आहे, पाणी पूर्ण येतंय असं नाही. ही गोष्ट ऑपरेटरला शिकवणं कुणाचंच काम नसतं, म्हणून ती कुणीच शिकवत नाही.

सेन्सर पूर्वीसारखा पंपाजवळ असता तर काय झालं असतं, हेही मी तिथेच मांडून दाखवलं. पहिल्या मजल्याला 200 कायम मिळाले असते. पण कमी लोडला आठव्याच्या हातात 80 ऐवजी 189 आले असते, आणि तिथला व्हॉल्व्ह उघडला की 72 ऐवजी 111 जीपीएम ओढले गेले असते. कॉइलला त्या जादा पाण्याचा फारसा उपयोग नाही. ते जवळपास तसंच थंड परत येतं, डेल्टा टी, म्हणजे जाणाऱ्या आणि परतणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक, पडतो आणि गरज नसताना पाणी थंड करणारा दुसरा चिलर सुरू होतो. सेन्सर खाली ठेवा, टोक जास्त ओढतं. वर ठेवा, जवळचा उपाशी राहतो. बॅलन्सिंग करणाऱ्याने एका स्थितीसाठी चाकं अचूक बसवली होती. बदलत्या प्रवाहाच्या सिस्टिममध्ये ती स्थिती वर्षात किती तास येते, याचं उत्तर त्याच्याकडून मागणं अन्याय आहे.

मग पूर्वेला गेले. पीआयसीव्हीच्या पोटात एक डायफ्रॅम आणि स्प्रिंग असते. बाहेरचा दाब वाढला की ती वाट आवळते, कमी झाला की सोडते, त्यामुळे आतल्या झडपेवरचा दाब स्थिर राहतो आणि प्रवाहही. पण त्या स्प्रिंगला हलायला किमान दाब लागतो. इथल्या व्हॉल्व्हला त्याच्या सेटिंगवर तो 30 किलोपास्कल होता. त्याखाली गेला की पीआयसीव्ही हा नुसता उघडा व्हॉल्व्ह. हिशेबाने 91 मधून कॉइलचे 30 वजा केले तरी 61 उरतात, म्हणजे तक्रार व्हायलाच नको. मीटरवर मात्र 50 जीपीएम, आणि पीआयसीव्हीच्या टेस्ट पॉइंटवर 14 किलोपास्कल.

बरेच जण त्या टेस्ट पॉइंटवरून प्रवाह काढायला जातात. बहुतेक पीआयसीव्हींवर तो निघत नाही, कारण आतली वाट सतत बदलत असते. तिथे एवढंच कळतं की किमान दाब आहे की नाही. इथे नव्हता. गाळ अडवणारा स्ट्रेनर उघडून पाहिला, स्वच्छ. मग हे बाकीचे किलोपास्कल गेले कुठे?

छताच्या आत, डक्टच्या मागे, जुना बॅलन्सिंग व्हॉल्व्ह तसाच होता. तसाच आवळलेला. पीआयसीव्ही बसवणाऱ्याने ड्रॉइंग पाळलं होतं, आणि ड्रॉइंगवर जुना बॅलन्सिंग व्हॉल्व्ह जागेवर ठेवा असं लिहिलं होतं. पूर्ण उघडा करून ठेवा, असं लिहिण्याची तसदी कुणी घेतली नव्हती. एवढा महागडा व्हॉल्व्ह घ्यायचा आणि त्याच्या पुढ्यात 62 किलोपास्कल खाणारा अडथळा ठेवायचा, याचा मला आजही राग येतो.

प्लँटरूमचे जुने फिटर काका शिडीवर चढले. मी खाली दोन्ही मीटर घेऊन. ते चाक सोडत गेले तसा प्रवाह 50 वरून 55, 60, 66 असा चढत गेला, पीआयसीव्हीवरचा दाबही 14 वरून वर. दाब 30 ला पोचला तेव्हा प्रवाह 72 झाला. काका चाक सोडतच होते. दाब 40, 50, शेवटी 56. प्रवाह 72 वरून हलला नाही. काकांनी दोनदा विचारलं, "मॅडम, मी फिरवतोय ना, मग पाणी का वाढत नाही?" मी त्यांना खाली बोलावून मीटर हातात दिला. पुस्तकात डायफ्रॅमचं चित्र पाहणं वेगळं आणि तो असा काम करताना आकड्यांत बघणं वेगळं.

काका लगेच म्हणाले, "मग पश्चिमेचंही चाक सोडून टाकतो." मी नको म्हटलं, आणि इथेच खरा वाद झाला. सुपरवायझर चिडले. तेच चाक, तोच मजला, तीच तक्रार. एकीकडे उघडायचं आणि दुसरीकडे हात लावायचा नाही? पण पश्चिमेला चाकाच्या मागे डायफ्रॅम नाही. ते उघडलं की शनिवार सुटेल. सोमवारी सकाळी मात्र सगळी इमारत तापलेली, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आणि पहिल्या मजल्याच्या हातात 200. तो 72 ऐवजी 117 ओढेल आणि आठवा मजला दुपारपर्यंत बोंबलेल. पूर्वेला ते चाक निरुपयोगी झालं होतं, पश्चिमेला अजूनही त्याच्यावरच सगळं उभं होतं.

पश्चिमेसाठी तात्पुरतं एवढंच केलं की शनिवारचा टोकाचा सेटपॉइंट 80 वरून 120 केला. पहिल्या मजल्याला 131 मिळतात आणि 58 जीपीएम पाणी येतं. पाण्याइतका थंडावा घटत नाही, त्यामुळे तेवढ्यावर मजला पंचविशीच्या आत आला. पंप थोडी जास्त वीज खातो. पूर्ण 72 हवे असतील तर सेटपॉइंट 189 करावा लागेल, मग सेन्सर वर नेल्याचा अर्थच उरत नाही.

कायमच्या उपायाचा मी अजून विचार करतेय. व्यवस्थापनाला आता उत्साह आलाय, पश्चिमेच्या आठही मजल्यांवर पीआयसीव्ही हवेत. मला वाटतं सेन्सर टोकाला आहे तोवर खालचे तीन-चार मजले पुरेत, कारण खरी आवळलेली चाकं तिथेच आहेत. विरुद्ध बाजूही मला दिसते. सेन्सर बिघडून पंप पूर्ण वेगावर गेला तर वरचे मजले पुन्हा जास्त ओढतील, आणि सेन्सर बिघडतात. प्रत्येक मजल्याच्या फांदीवर दाबाचा फरक स्थिर ठेवणारा डीपी कंट्रोलर टाकून मॅन्युअल व्हॉल्व्ह ठेवणं हाही पर्याय आहे, पण एका फांदीवर एकच एएचयू असेल तर तो स्वस्त पडत नाही. त्यात पश्चिमेचे पाइप जुने, पाणी गढूळ. नीट फ्लशिंग न करता पीआयसीव्ही बसवले तर गाळाने तेच आधी अडकतील. अहवालात फ्लशिंगचा खर्च मी वेगळ्या ओळीत दाखवलाय. कोटेशन कमी करताना पहिली काट त्याच ओळीवर बसते, हे माहीत असल्यामुळे तिच्याखाली लिहिलंय की ही ओळ गेली तर वरच्या ओळी धरू नका. पूर्वेचे बाकीचे सात जुने व्हॉल्व्ह काका येत्या रविवारी उघडणार आहेत, प्रत्येक मजल्यावर पीआयसीव्हीवरचा दाब लिहून घेत.