तुम्ही विचारलंत म्हणून: तो डिड कुठे गेला?

‘हू कॉल्ड यू?’ यात डिड का नाही? प्रश्न आहे ना तो? मग ‘हू डिड कॉल यू?’ असं का नको?

दर बॅचला दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या आठवड्यात हे येतं. विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो, की भाषेनेच काहीतरी लबाडी केलीय आणि ती त्याने पकडलीय. मी बरीच वर्षं एकच उत्तर देत आले: ‘हू कर्ता असेल तर डिड नाही, कर्म असेल तर डिड.’ वाक्य खरं आहे, वहीत सुबक दिसतं. पण ज्याला कर्ता-कर्म ओळखता येतं तो हा प्रश्न विचारतच नाही, आणि ज्याला येत नाही त्याला या उत्तराचा काडीचा उपयोग नाही. हे कळायला मला किती वर्षं लागली ते सांगत नाही.

तुम्हाला वाटतं मी एका डिडवरून उगाच जीव काढते. एकदा माझा निघाला होता, तो प्रसंग सांगते.

शिकवायला लागण्याआधी मी एका कंपनीत रात्रपाळीवर होते. ग्राहक परदेशातले, त्यांच्या यंत्रणा आम्ही सांभाळायचो. नियम साधा होता: यंत्रणा बंद पडली की ऑपरेटरने ड्यूटीवरच्या इंजिनिअरला फोन करायचा, आणि त्या इंजिनिअरने १५ मिनिटांच्या आत ग्राहकाला कळवायचं. एका रात्री १:४० ला ऑपरेटरचा मला फोन आला. ड्यूटी माझी होती. मी घाबरले, आणि ग्राहकाला कळवायचं सोडून १:४५ ला माझ्या सिनियरना फोन लावला. ते झोपेतून उठले, लॅपटॉप उघडला, आणि ग्राहकाला शेवटी त्यांनीच कळवलं, २:२० ला.

दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्स कॉल. पलीकडचे मॅनेजर भराभर बोलणारे. त्यांनी मला विचारलं, ‘हू कॉल्ड यू?’ मी सिनियरचं नाव सांगितलं. ‘ॲट व्हॉट टाइम?’ मी म्हटलं, १:४५. मग त्यांनी विचारलं, ‘अँड हू डिड यू कॉल?’ मला वाटलं, आवाज नीट पोचला नसेल म्हणून पुन्हा तेच विचारतायत. मी जरा मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून, पुन्हा सिनियरचंच नाव सांगितलं.

सिनियर त्याच कॉलवर होते, पण त्यांचा माइक बंद होता. बोलायची पाळी त्यांची नव्हती.

अहवालात आलं ते असं: सिनियरनी १:४५ ला मला फोन केला. म्हणजे त्यांना आधीच कळलेलं होतं, आणि तरी ग्राहकाला त्यांनी २:२० ला कळवलं. ऑपरेटरच्या नावापुढे ‘कोणालाही फोन केला नाही’. माझ्या नावापुढे चूक म्हणून काहीच नाही. चूक माझी होती, १:५५ ला माझी मुदत संपली होती, आणि कागदावर मी एकटीच स्वच्छ होते.

तीन दिवसांनी सिनियर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, ‘जरा फोन दाखव.’ कॉलची यादी उघडली. १:४० पुढे आत येणारा बाण, ऑपरेटर. १:४५ पुढे बाहेर जाणारा बाण, ते स्वतः. दोन बाण. त्यांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि गेले. अहवाल बदलला. त्यांचं माझ्याशी बोलणं मात्र बदललं नाही, म्हणजे बंद झालं ते बंदच राहिलं. त्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. मीही त्यांच्या जागी तेच समजले असते, कारण चूक माझ्या सोयीची पडली होती. ‘सर, मला प्रश्नच उलटा ऐकू आला’ असं सांगायला गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘दोन्ही वेळेला?’

नाही, उलटा पहिलाच ऐकू आला, आणि दुसऱ्या वेळेला तोच पुन्हा विचारलाय असं वाटलं. बचाव करायचा तर आजही करता येतो. बोलताना ‘कॉल्ड यू’ मधला ड आणि य एकमेकांत मिसळून ‘कॉल्ज्यू’ होतं, ‘डिड यू’चं ‘डिज्यू’ होतं. माझ्या कानाला दोन्ही प्रश्नांत हू, कॉल आणि यू एवढंच सापडलं, आणि मधला एक ‘ज्यू’. तो ज्यू कॉलच्या आधी आला की नंतर, एवढ्यावरच सगळा अर्थ होता. मी मराठी माणूस, मी क्रम ऐकतच नव्हते, शेपूट ऐकत होते. ‘तुला कोणी फोन केला’ आणि ‘तू कोणाला फोन केलास’, यात शब्द हवे तसे फिरवा, ‘फोन कोणी केला तुला’ म्हणा, अर्थ हलत नाही, कारण तो ‘कोणी’च्या णी मध्ये आणि ‘कोणाला’च्या ला मध्ये बसलेला आहे. इंग्रजीत हू ला शेपूट नाही. हूम आहे, पण बोलताना तो फारसा कोणी काढत नाही.

म्हणूनच शिकवायला लागल्यावर मला वाटलं, युक्ती सापडली. फळ्यावर लिहिलं: मराठीत ‘कोणी’ आलं तर डिड नाही, ‘कोणाला’ आलं तर डिड. वर्ग खूश, मीही. तेव्हाच्या त्या बाईंना आज भेटले तर खडू हातातून काढून घेईन.

कारण पुढच्याच तासाला एकाने ‘कोणाला माहीत आहे?’ याचं ‘हू डू नो?’ केलं. माझ्याच नियमाने. हवं होतं ‘हू नोज?’. दुसरीने ‘तुला कोण आवडतं?’ याचं ‘हू लाइक्स यू?’ केलं, आणि वर्ग हसला, कारण ‘कोणावर तुझा जीव आहे’ याच्या जागी ‘तुझ्यावर कोणाचा जीव आहे’ असं झालं. हवं होतं ‘हू डू यू लाइक?’. मराठीत आवडणं, हवं असणं, माहीत असणं या सगळ्यांत ज्याला आवडतं त्यालाच ला लागतो. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होऊन पुढे बसतो. म्हणजे नेमक्या रोजच्या वापरातल्या क्रियापदांना माझी युक्ती उलटी चालत होती. ‘तुला कोण भेटलं?’ याचंही तेच, ‘हू डिड यू मीट?’. भेट दोघांची असते म्हणून तिथे चूक खपून जाते, इतकंच.

आता मी मराठीला मधे आणत नाही. उत्तराचं इंग्रजी वाक्य लिहायला लावते आणि जे माहीत नाही तिथे रिकामी जागा. ‘डॅश कॉल्ड यू.’ ‘यू कॉल्ड डॅश.’ पहिल्यात रिकामी जागा क्रियापदाच्या आधीच आहे. तिथे हू ठेवला की प्रश्न तयार, कोणालाही हलावं लागलं नाही. दुसऱ्यात रिकामी जागा शेवटी आहे. हू ला तिथून उचलून यू च्या डोक्यावरून पुढे आणावं लागतं, आणि तो पुढे आला की एक सहायक क्रियापदही यू च्या पुढे येऊन उभं राहतं. साध्या भूतकाळात असं क्रियापद नसतंच, म्हणून डिड उसना आणायचा. तो भूतकाळ स्वतःकडे घेतो, कॉल्डचा कॉल होतो.

उसना नसेल तर घरचा चालतो. ‘हू विल कॉल यू?’ आणि ‘हू विल यू कॉल?’ शेजारी लिहून बघा. शब्द तेच चार, यू फक्त कॉलच्या मागून पुढे आला. ‘हू हॅज कॉल्ड यू?’ आणि ‘हू हॅव यू कॉल्ड?’ यातही तेच, फक्त पहिल्यात हॅज हू शी जुळतं आणि दुसऱ्यात हॅव यू शी. गोष्ट डिडची नाहीच, जागेची आहे. डिडवरून भांडणारे (मीही त्यांत होते) चुकीच्या आरोपीला पकडतात. आणि हो, हू कर्ता असला की क्रियापद एकवचनी, उत्तरात दहा माणसं आली तरी: ‘हू वॉन्ट्स टु कम?’

इथवर आले की मला वाटतं, सुटलं. मग कोणीतरी ‘हू डिडन्ट कॉल यू?’ लिहितं.

पहिल्यांदा एका मुलीने लिहिलं तेव्हा मी लाल रेघ मारली. हू कर्ता आहे, डिड कुठून आला? ती काही बोलली नाही, वही घेऊन गेली. रात्री मला झोप लागेना, कारण वाक्य बरोबर होतं. तिथे डिड प्रश्नाने आणलेला नाही, नॉटने आणला आहे. साध्या वाक्यातही ‘ही डिडन्ट कॉल मी’ म्हणताना तो येतोच, प्रश्न असो नसो. रिकामी जागा अजूनही पहिलीच आहे, ‘डॅश डिडन्ट कॉल यू’. माझ्या नव्या पद्धतीत हे बसतं. माझ्या वहीतल्या सुबक नियमात बसत नव्हतं, आणि मी रेघ नियमाला न मारता मुलीला मारली. दुसऱ्या दिवशी वही मागून घेतली आणि रेघ खोडली, पण लाल शाई पूर्ण जात नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतात, एवढं समजावून तरी बोलताना काय फरक पडतो, समोरचा समजून घेतो. बऱ्याचदा घेतो. ‘हू डिड कॉल यू?’ म्हणालात तर समोरचा माणूस क्षणभर थांबेल आणि उत्तर देईल. यू ची जागा चुकली तर मात्र तो थांबणार नाही. तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देईल, आणि दोघांनाही कळणार नाही. चूक ऐकू येत नाही, कारण वाक्य बरोबर असतं. त्या कॉन्फरन्स कॉलवर तेच झालं होतं.

आणि तुमचं ते ‘हू डिड कॉल यू?’. परवा एकाने पुन्हा विचारलं आणि मी सवयीने म्हटलं, ‘चूक.’ घरी येताना आठवलं. समजा कोणी म्हणालं, ‘भावाचा फोन नव्हता, बहिणीचाही नव्हता,’ तर पुढचा माणूस डिडवर जोर देऊन अगदी हेच विचारेल: मग कोणी केला तरी? तिथे ते शुद्ध आहे. साधा प्रश्न म्हणून नाही, पण जोर देऊन विचारलं तर आहे. आता गुरुवारच्या तासाला मला त्याच्याकडे जाऊन तो ‘चूक’ मागे घ्यायचाय, आणि तो पुढे काय विचारेल तेही मला माहीत आहे: ‘मग मॅडम, नियम काय?’