मधली रेघ

तुटलेली ती पहिली दांडी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. फेकवत नाही.

आमचा फायनल इयरचा प्रोजेक्ट भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, दोन भागांत कापायचं हाताने फिरवायचं यंत्र. मंगेशच्या घरी पेडण्याला दरवर्षी ती सुरीने कापतात आणि बायकांची बोटं आठवडाभर काळी राहतात, त्यातून सुचलेला. सबमिशनच्या आदल्या रात्री नऊ वाजता फिरवायची लोखंडी दांडी हातात आली. शाफ्ट आठ मिलीमीटरचा, वेल्डिंगवाल्याने भोक पाडलेलं दहाचं. कागदावर आठ लिहून दिलं होतं. कॉलेजची लॅब पाचलाच बंद होते. नेमकी गरज असते तेव्हा ती कधीच उघडी नसते.

हॉस्टेलच्या आमच्या खोलीत मंगेशचा जुना थ्रीडी प्रिंटर होता. डिझाइन माझ्याकडे तयार होतं: ११० मिलीमीटर लांब, २० रुंद, १२ जाड पट्टी, एका टोकाला शाफ्टचं भोक, दुसऱ्या टोकाला मूठ बसवायला दहा मिलीमीटर जाडीची खुंटी.

मी पट्टी आडवी झोपवली, खुंटी सरळ वर. अधांतरी भागाखाली छापायचा आधार, म्हणजे सपोर्ट, लागत नाही, वेळ वाचतो.

"खुंटी मोडेल रे," मंगेश म्हणाला. "तिचे थर चकत्यांसारखे एकावर एक बसणार. हाताचा जोर आडवा येतो."

"जाड आहे, टिकेल," म्हणून मी प्रिंट सोडली.

बाहेर पहिला पाऊस कोसळत होता. छपाईच्या पीईटीजी प्लास्टिकची रीळ पंधरा दिवस उघडीच होती. नोझलमधून चट् चट् आवाज यायला लागला, भोकाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे लोंबायला लागले. प्लास्टिकने हवेतला दमटपणा शोषला की नोझलमध्ये त्याची वाफ होते आणि ती अशी फुटते. बारा वाजता दांडी यंत्रावर चढवली, पहिलं भिरंड घातलं, फिरवली. अर्ध्या फेऱ्यात खुंटी माझ्या हातात.

मी दमटपणाला दोष दिला. मंगेशने तुटका तुकडा माझ्या मोबाइलच्या उजेडात धरला. तुटलेली जागा नाण्यासारखी सपाट होती. कुठे ताणलेलं नाही, फाटलेलं नाही. दोन थर एकमेकांपासून नुसते सुटले होते. दमटपणाने पकड कमी झाली असेलही, पण ती जागा सरळ जोराच्या वाटेत ठेवली होती मी.

पीईटीजी नीट सुकवायचं तर ६५ अंशांवर सहा तास. तेवढे तास नव्हते. खालच्या मजल्यावरच्या ज्युनियरला उठवलं. त्याच्याकडे सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद असलेली पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकची रीळ होती. असा नीटनेटका मुलगा हॉस्टेलमध्ये दुसरा नाही.

या वेळी दांडी कडेवर उभी केली. त्यामुळे पट्टी आणि खुंटी दोन्ही प्रिंटरच्या तळपाटीला, म्हणजे बेडला, समांतर आल्या, थर दोघींच्या लांबीने धावणार. खुंटीखाली सपोर्ट द्यावा लागला, शाफ्टचं भोक आडवं आलं. तीन तास चाळीस मिनिटं. एक वाजता सुरू.

तीन वीसला लाइट गेली.

सत्तरावा थर चालू होता, शंभरातला. प्रिंटरला थांबलेली जागा आठवते, पण बेड थंड झाला की पीएलए आपोआप सुटतं, आणि वस्तू केसभर हलली तरी पुढचं सगळं वाया. मंगेशने दोन चादरी आणून प्रिंटरभोवती उभ्या धरल्या, बेडची ऊब टिकावी म्हणून. आम्ही काही बोललो नाही. अकरा मिनिटांनी लाइट आली. दांडी जागेवर होती; बेडवर तिच्या कडेने छापलेल्या पातळ झालरीने, ब्रिमने, धरून ठेवलं होतं.

पाचला हातात आली तेव्हा चौदा मिलीमीटरवर एक रेघ स्पष्ट दिसत होती. गार झालेल्या थरावर गरम थर पडला की तिथली पकड कच्ची राहते. आणि ती रेघ नेमकी खुंटीतून जात होती, पण लांबीने. पहिल्यासारखी खुंटी उभी छापली असती तर तिच्यात तीच रेघ आडवी पडली असती.

आडव्या भोकाचं छत जरा ओघळलं होतं. आठचा ड्रिल बिट हाताने फिरवत ते मोकळं केलं. मशीनला लावला तर उष्णतेने पीएलए वितळून चिकटतं. साडेआठला चाळीस भिरंडं कापून पाहिली. नऊला सबमिशन झालं.

एक्झामिनरने रेघेवर नख फिरवून विचारलं, "हे काय?" मंगेशने रात्रीचं सगळं सांगितलं, दांडी कडेवर ठेवायचं ठरवलं "आम्ही" म्हणाला. मी तिथे गप्प राहिलो. ते अजून टोचतं.

यंत्र आता पेडण्याला आहे, पत्र्याच्या पडवीत. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली काय होतं ते मी पाहिलंय. म्हणून काल पीईटीजीची नवी रीळ सहा तास सुकवली. दांडी आता छापतेय, कडेवर.