तीन गोळ्या आणि अंगावरचं दूध

कोल्हापुरातल्या आमच्या बालरोग ओपीडीत कागलची एक ओली बाळंतीण आली. सिझेरियन झालेलं, बाळ वीस दिवसांचं, वजन साडेतीन किलो. उजव्या स्तनात लाल, कडक गाठ आणि ताप. आदल्या दिवशी डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट हे अँटिबायोटिक आणि दुखण्या-तापासाठी आयबुप्रोफेन दिलं होतं. "गोळ्या चालू हायत तवर अंगावर पाजू नको म्हणून मीच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. रात्रीपासून बाळाला पाणी घातलेलं गाईचं दूध चालू होतं.

मी हिशेब मांडून दाखवला. बाळ दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली दूध पितं, म्हणजे हे बाळ अर्धा लिटरच्या थोडं वर. आईने अमॉक्सिसिलिनचा १ ग्रॅमचा डोस घेतला तरी लिटरभर दुधात ते जेमतेम १ मिलिग्रॅम उतरतं. बाळाच्या पोटात दिवसाला जाणार अर्धा मिलिग्रॅम. याच बाळाला जंतुसंसर्ग झाला असता तर आम्हीच त्याला रोज शंभर मिलिग्रॅमच्या आसपास दिलं असतं. आयबुप्रोफेन तर रक्तातल्या प्रथिनांना ९९ टक्के चिकटून राहतं, दुधात उतरायला मोकळं फारसं उरतच नाही. उलट पाजणं थांबलं की दूध तुंबतं आणि गाठीचा गळू होतो, खरी भीती त्याची.

मग विचारलं, "आणखी कुठली गोळी?" पिशवीतून डिस्चार्जच्या वेळची उरलेली पट्टी निघाली: ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र. कंबर दुखते म्हणून चार दिवस सकाळ-संध्याकाळ चालू होती. तिच्याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. बाळाला मात्र दोन-तीन दिवस दुधासाठी उठवावं लागत होतं.

आईच्या डोसच्या तुलनेत, किलोमागे, बाळाला १० टक्क्यांहून कमी औषध मिळत असेल तर ते बहुधा चालतं, असा आमचा ठोकताळा. ट्रॅमाडॉल ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्यात सहज बसतं. पण नुसता आकडा इथे पुरत नाही. यकृत ट्रॅमाडॉलपासून त्याहून तीव्र द्रव्य बनवतं आणि काही बायकांमध्ये ते फार वेगाने बनतं. नवजात बाळाला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. गुंगी येते, श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच पाजणाऱ्या आईला ते देऊ नये असं सांगितलंय.

बाळाचा श्वास मिनिटाला ४४, साखर ठीक. तरी एवढ्या लहान बाळाची सुस्ती जंतुसंसर्गानेही येते, म्हणून रक्त तपासायला पाठवलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. ट्रॅमाडॉल बंद, दुखण्यावर आयबुप्रोफेन पुरे. अँटिबायोटिक पूर्ण करायचं, दोन्ही बाजूंनी पाजायचं, दुखलं तर हाताने दूध काढायचं. बाळाला पातळ शी झाली किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले तर दाखवायला यायचं, पाजणं थांबवायचं नाही.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ न उठवता भुकेने रडायला लागलं.